राउटर, आरसा आणि माळ्यावरची टाकी

फ्लॅटमध्ये राउटर कुठे लागणार हे बहुतेक घरांत ड्रिल मशीन घेऊन आलेला माणूस ठरवतो. त्याचा हिशेब सरळ असतो. फायबरची वायर डक्टमधून जिथे घरात शिरते, तिथून सर्वांत जवळचा प्लग पॉइंट कुठला, एवढंच तो बघतो. मग राउटर जातो मुख्य दाराच्या वर, चपलांच्या कपाटावर, टीव्हीच्या मागे, नाहीतर थेट माळ्यावर. घरच्यांनाही ते बरं वाटतं, कारण वायरी दिसत नाहीत. दोन दिवसांनी लक्षात येतं की हॉलमध्ये नेट पळतंय आणि मागच्या बेडरूममध्ये व्हिडिओ कॉलवर समोरच्याचा चेहरा गोठतोय. मग कंपनीला फोन, मोठा प्लॅन, मोठा राउटर अशी साखळी सुरू होते. खरं म्हणजे त्या बेडरूमपर्यंत नेट पोचवायचं काम कंपनीच्या हातात उरलेलंच नसतं. ते घरातल्या भिंतींच्या हातात गेलेलं असतं.

आधी एक खातरजमा करावी. राउटरच्या समोर चार-पाच फुटांवर उभं राहून स्पीड टेस्ट घ्यायची आणि तीच पुन्हा त्रासाच्या खोलीत. दोन्हीकडे सारखीच रडकथा असेल तर दोष लाइनचा, राउटर हलवून काही होणार नाही. राउटरपाशी प्लॅनप्रमाणे वेग मिळतोय आणि आतल्या खोलीत त्याचा दहावा हिस्सा, असं असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी.

फोनवरच्या वायफायच्या रेघांवर फार विसंबू नये. किती सिग्नलला किती रेघा हे प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते. खरा आकडा असतो डीबीएमचा, आणि अँड्रॉइड फोनवर वायफाय मोजणारी कुठलीही फुकट ॲप तो दाखवते. हा आकडा नेहमी उणे असतो. राउटरला फोन टेकवला तर उणे ३० च्या आसपास, त्याच खोलीत उणे ४० ते ५०. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल सुखाने चालतो, उणे ७५ च्या पुढे अडखळायला लागतो आणि उणे ८५ ला फोन नुसता नावाला जोडलेला राहतो. हा आकडा ३ ने उतरला तर पोचणारी शक्ती निम्मी झाली आणि १० ने उतरला तर दहावा भागच उरला, एवढं लक्षात ठेवलं की पुढचा हिशेब बेरीज-वजाबाकीचा राहतो. विंडोजच्या लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट उघडून हे टाइप केलं तरी काम भागतं:

```
netsh wlan show interfaces
```

यात Signal पुढे टक्के दिसतात. त्यांचं निम्मं करून त्यातून १०० वजा केले की साधारण डीबीएम मिळतात. ६० टक्के म्हणजे उणे ७०.

आता अंतराची गोष्ट. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ ने उतरतो. म्हणजे राउटरपासून चार मीटरवर बसण्याऐवजी आठ मीटरवर बसलात तर फक्त ६ चं नुकसान. याउलट सहा इंची काँक्रीटची एक भिंत ५ गिगाहर्ट्झच्या लहरींना १५ किंवा त्याहून जास्त खाते. मोकळ्या मैदानात तेवढं नुकसान व्हायला अंतर पाचपटीहून जास्त वाढवावं लागेल. फ्लॅटमध्ये फूट मोजण्यात अर्थ नाही, तो याचमुळे. राउटरपासून तुमच्या खुर्चीपर्यंत मनातल्या मनात एक सरळ दोरी ताणायची आणि ती कशाकशातून जाते ते बघायचं. सातशे चौरस फुटांच्या घरातही ही दोरी जर चुकीच्या वस्तूंमधून गेली तर सिग्नल मरतो.

सगळ्या भिंती सारख्या नसतात. आपल्याकडच्या जुन्या इमारतींत खांब आणि तुळया काँक्रीटच्या, पण मधल्या भिंती विटांच्या. साडेचार इंची विटेची भिंत, दोन्हीकडचा गिलावा धरून, साधारण ५ ते ८ चं नुकसान करते; नऊ इंची असेल तर १० च्या आसपास. सिपोरेक्स म्हणून जे हलके पांढरे ब्लॉक वापरतात ते आतून पोकळ छिद्रांचे असल्यामुळे विटेहूनही सौम्य. पण गेल्या काही वर्षांत उभे राहिलेले टॉवर मायवान पद्धतीचे आहेत. ॲल्युमिनियमचे साचे लावून खोल्यांच्या भिंती आणि स्लॅब एकदमच काँक्रीटमध्ये ओततात. त्यात वीट औषधालाही नसते. बेडरूम आणि हॉलच्या मधली भिंतसुद्धा सळ्या घातलेलं काँक्रीट. जुन्या चाळीवजा इमारतीतून नव्या टॉवरमध्ये गेलेल्या माणसाला तोच राउटर एकदम कुचकामी का वाटतो, त्याचं उत्तर इथे आहे. आपली भिंत कुठली हे कळायला बोटाने ठोकून बघायची गरज नाही. कधी खिळा ठोकला असेल तर आठवत असेलच. विटेत तो जातो, मायवानमध्ये साधं ड्रिलही रडकुंडीला येतं आणि हॅमर ड्रिल मागवावं लागतं.

राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्याची लहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब, दुसऱ्याची साडेपाच-सहा. विटेच्या भिंतीत दोघांच्या नुकसानीत फार फरक पडत नाही. काँक्रीटमध्ये मात्र २.४ चं नुकसान १० च्या आसपास असतं तिथे ५ चं १५-१६ होतं. काँक्रीटमध्ये अडकून राहिलेला ओलावा हे त्याचं मोठं कारण. पावसाळ्यात भिंतींना ओल धरली की नुकसान आणखी वाढतं. कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या जाड भिंतींच्या घरांत जुलै-ऑगस्टमध्ये आतल्या खोलीत वायफाय मंदावतं, त्यात नवल नाही.

एक बारकावा फारसा कुणी सांगत नाही. भिंतीवर लहर सरळ आपटते की तिरकी, यानेही फरक पडतो. तिरकी गेली तर तिला जास्त जाडी कापावी लागते, असं वाटतं; पण भिंतीत शिरताना लहर वळते आणि आतली वाट फारशी लांबत नाही. खरं नुकसान पृष्ठभागावरच होतं. भिंतीला जवळजवळ समांतर आलेली लहर आत शिरायच्या आधीच बरीचशी घसरून परत फिरते. म्हणून ज्या भिंतीला राउटर चिकटवलाय त्याच भिंतीच्या रेषेत पुढे असलेल्या खोल्यांचे हाल सर्वांत वाईट असतात. लहरींनी भिंत समोरून भेदावी असं बघावं.

आरशाचं काम वेगळं आहे. काच निर्दोष असते. साध्या खिडकीच्या काचेत सिग्नलचं १-२ पलीकडे काही जात नाही. आरशाच्या मागे चांदीचा जो थर असतो तो एका मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा पातळ, पण तो धातू आहे आणि वायफायच्या लहरींना तेवढा पुरतो. त्यातून पलीकडे जवळपास काहीच जात नाही. बेसिनवरचा दोन फुटी आरसा असेल तर लहरी त्याच्या कडांवरून वळून थोड्या अंतरावर पुन्हा एकत्र येतात. २.४ च्या लांब लहरींना हे लवकर जमतं, आरशामागे तीनेक मीटरवर सावली बऱ्यापैकी भरून येते. ५ गिगाहर्ट्झची सावली त्याच्या दुप्पट लांब पसरते. बेडरूमच्या सरकत्या वॉर्डरोबला वरपासून खालपर्यंत आरसे लावलेले असतील तर मग कडाच उरत नाहीत. ती अख्खी खोली सावलीत. लोखंडी कपाट, फ्रिज आणि टीव्हीचा पत्र्याचा मागचा भाग हेही याच जातीचे. टीव्हीच्या मागे राउटर लपवणं म्हणजे घराच्या एका पूर्ण दिशेला पत्रा मारून टाकणं.

आरसा अडवतो तो सिग्नल नाहीसा होत नाही, दुसरीकडे परततो. कधीकधी पॅसेजच्या टोकाला लावलेला मोठा आरसा एखाद्या आडबाजूच्या खोलीत उलट सिग्नल पोचवतो. पण हे नशिबावर असतं. त्याच्या भरवशावर राउटर बसवू नये.

पाणी मात्र परतवतंही आणि खातंही. त्यावर आदळलेल्या लहरींपैकी सुमारे दोन तृतीयांश पृष्ठभागावरूनच माघारी जातात. ज्या आत शिरतात त्यांची २.४ गिगाहर्ट्झची शक्ती साधारण प्रत्येक सव्वा सेंटिमीटरला निम्मी होते, ५ ची तीनेक मिलिमीटरला. दीड-दोन फूट रुंदीच्या टाकीतून पलीकडे काय निघणार? इथे एक जुना गैरसमज आहे. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो कारण पाणी नेमकं त्याच आकड्याला सर्वांत जास्त शोषतं, असं पुष्कळ जण सांगतात. तसं नाही. पाण्याचं शोषण त्याच्या बरंच पुढे, वीस गिगाहर्ट्झच्या आसपास टोकाला पोचतं. म्हणूनच ५ ची पट्टी २.४ पेक्षा पाण्याला जास्त घाबरते.

गच्चीवरच्या सोसायटीच्या टाकीशी आपल्याला देणंघेणं नाही. ती दोरीत येतच नाही. येते ती माळ्यावरची. पाणी ठरावीक वेळेलाच येतं त्या इमारतींत संडास-बाथरूमच्या वर माळा काढून दोन-तीनशे लिटरची प्लास्टिकची टाकी बसवलेली असते. रिकामी प्लास्टिकची टाकी लहरींना जवळपास दिसतच नाही, भरलेली टाकी त्यांना भिंतीहून वाईट. यातून एक मजेशीर गोष्ट घडते, ती ठाण्यातल्या माझ्या मावशीच्या घरी पाहायला मिळाली.

मावशीचा फ्लॅट दोन बेडरूमचा, विटांच्या भिंतींचा. दारातून आत शिरलं की उजवीकडे संडास-बाथरूम, त्याच्यावर माळा आणि माळ्यावर टाकी. समोर हॉल, हॉलच्या पाठीमागे एक छोटा पॅसेज, पॅसेजच्या दोन बाजूंना दोन बेडरूम. मोठ्या बेडरूमला जोडून दुसरं बाथरूम. राउटर माळ्यावर, टाकीपासून तीन-चार फुटांवर, कारण वायर दारावरून आली आणि मावशीला वायर भिंतीवर दिसायला नको होती. तिचा मुलगा मोठ्या बेडरूमच्या खिडकीपाशी टेबल टाकून घरून काम करतो.

त्याची तक्रार विचित्र होती. सकाळी कामाला बसलं की नेट रखडायचं आणि रात्री दहानंतर बरं व्हायचं. त्याला वाटायचं की दिवसा लाइनवर गर्दी असते. पण घरोघरच्या नेटवर खरी गर्दी रात्री असते, जेवणं उरकून सगळे मालिका आणि सामने बघत बसतात तेव्हा. त्याचं गणित उलटं का? सोसायटीत पाणी सकाळी यायचं. टाकी काठोकाठ भरायची आणि दिवसभर थोडीथोडी उपसली जायची. रात्रीपर्यंत तळाशी यायची. सकाळी टाकी भरल्यावर त्याच्या टेबलावर २.४ ची पट्टी उणे ८० च्या आसपास असायची, रात्री तीच उणे ७१-७२. मावशीने एकदा कपडे धुवायच्या दिवशी दुपारीच टाकी उपसली, तर आकडा दुपारीच चढला. ५ गिगाहर्ट्झ दोन्ही वेळा पकडतच नव्हता.

दोरी ताणून बघितली तेव्हा बाकीचंही कळलं. राउटर आठ फुटांवर, टेबल अडीच फुटांवर, अंतर तीसेक फूट. दोरी माळ्यावरून तिरकी उतरताना पहिल्या चार फुटांतच टाकीच्या खालच्या भागातून जायची. पुढे माळ्याची काँक्रीटची फळी, बाथरूमची भिंत तिरकी कापून हॉल, मग पॅसेजची भिंत आणि शेवटी मोठ्या बेडरूमच्या बाथरूमचा कोपरा, जिथे बेसिनवर आरसा आणि त्याच्या बाजूला गिझर. गिझर म्हणजे धातूचं भांडं आणि आत पंधरा लिटर पाणी. एखाद्याने मुद्दाम अडथळे मांडायचे म्हटले असते तरी याहून नीट मांडता आले नसते. बांधकाम बघा म्हणजे लक्षात येईल की ही एकट्या मावशीच्या घराची गोष्ट नाही. पाइप एकाच डक्टमध्ये यावेत म्हणून बिल्डर बाथरूमं पाठीला पाठ लावून एकत्र ठेवतो, आणि ती जागा फ्लॅटच्या मध्यभागी पडली की पाणी, पाइप, आरसे, गिझर, वॉशिंग मशीन असा सगळा ओला गठ्ठा घराचे दोन भाग करतो. राउटर या गठ्ठ्याच्या कुठल्या बाजूला आहे, हा फ्लॅटमधला पहिला प्रश्न.

राउटरला नवी जागा शोधताना ड्रिलला हात लावायच्या आधी एक सोपी चाचणी करता येते. एका फोनवर हॉटस्पॉट सुरू करायचा, सेटिंगमध्ये त्याची पट्टी ५ गिगाहर्ट्झ निवडायची आणि तो फोन राउटरच्या विचारातल्या जागेवर चिकटपट्टीने लावायचा. दुसऱ्या फोनवर आकडा बघत घरभर हिंडायचं. फोनची ताकद राउटरपेक्षा कमी असते, तेव्हा हे आकडे नुसते घेऊन उपयोग नाही. वेगवेगळ्या जागांचे आकडे एकमेकांशी ताडून बघायचे. मोजताना फोन छातीशी धरून उभं राहू नये. आपलं शरीरही बहुतांशी पाणीच आहे आणि राउटरकडे पाठ केली तर आकडा सहज ३ ते ५ ने पडतो. एकाच जागी उभं राहून सावकाश पूर्ण गिरकी घ्यायची, फोन वीतभर इकडेतिकडे हलवायचा आणि मधला आकडा धरायचा. भिंतींवरून परतलेल्या लहरी एकमेकींना कापतात, त्यामुळे बोटभर सरकलं तरी आकडा उड्या मारतो. एका वाचनावरून निकाल लावला तर फसगत होते.

मावशीकडे तीन जागा तपासल्या. टीव्हीच्या शेजारची भिंत मोठ्या बेडरूमला वाईट पडली, कारण दोरी पुन्हा ओल्या गठ्ठ्यातूनच जात होती. पॅसेजच्या तोंडाशी, हॉलकडच्या भिंतीवर साडेपाच-सहा फुटांवरची जागा सर्वांत चांगली निघाली. तिथून दोन्ही बेडरूमची दारं दिसतात, आणि बंद लाकडी दाराचं नुकसान ३ च्या आसपास, भिंतीपेक्षा कितीतरी कमी. टेबलापर्यंतच्या दोरीत आता फक्त एक साडेचार इंची भिंत उरत होती, तीही जवळपास समोरून. स्वयंपाकघर थोडं लांब पडत होतं, पण तिथे फक्त मावशीच्या फोनवर गाणी लागतात.

राहिला प्रश्न वायरचा. फायबरची वायर स्वतः ओढत बसू नये. ती आतून काचेची असते, कोपऱ्यावर काटकोनात दुमडली की आतला प्रकाश गळतो आणि कधी तुटतेही. तिच्या टोकाचा हिरवा कनेक्टरही तितकाच नाजूक. कंपनीच्या माणसाला सांगून लांब वायर टाकून घेता येते, पण बरेचदा तो टाळाटाळ करतो. दुसरी वाट जास्त खात्रीची आहे. कंपनीचा डबा आहे तिथेच राहू द्यायचा आणि त्याच्या लॅन पोर्टमधून कॅट-६ वायर काढून नव्या जागी नेऊन तिथे दुसरा राउटर लावायचा. या वायरला शंभर मीटरपर्यंत काही होत नाही. फ्लॅटला दहा-पंधरा मीटर पुरते. छताच्या कडेने केसिंग पट्टीतून नेली तर रंग लावल्यावर दिसतही नाही. दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये Access Point हा पर्याय निवडायचा, म्हणजे दोन राउटर एकमेकांत भांडत नाहीत. कंपनीच्या डब्याचं वायफाय बंद करून टाकायचं, नाहीतर फोन हट्टाने माळ्यावरच्या अशक्त सिग्नललाच चिकटून राहतो. मावशीकडे हे सगळं एका रविवारी झालं. टेबलावर ५ गिगाहर्ट्झचा आकडा उणे ६० च्या आसपास आला आणि टाकी भरली काय नि रिकामी काय, हलला नाही.

वायर ओढायची नसेल तर लोक रिपीटर आणतात. तो बरोबर चुकीच्या जागी, म्हणजे सिग्नल न पोचणाऱ्या खोलीतच लावतात. त्याला जे ऐकूच येत नाही ते तो पुढे काय सांगणार? रिपीटर वाटेत लावायचा, जिथे आकडा उणे ६० ते ६५ आहे अशा ठिकाणी, आणि ओल्या गठ्ठ्याला वळसा पडेल असा. स्वस्त रिपीटर एकाच पट्टीवर ऐकतो आणि त्याच पट्टीवर बोलतो, म्हणून त्याच्यातून वेग साधारण निम्मा होतो, हेही धरून चालावं.

मजल्यांचा विचार डुप्लेक्स आणि रो हाउसवाल्यांनी करायचा. पाच-सहा इंची स्लॅब, वर फरशीचा थर आणि लाद्या मिळून ५ गिगाहर्ट्झचं नुकसान १५ ते २० पर्यंत जातं. त्यात राउटरच्या उभ्या अँटेनाचा सिग्नल मेदुवड्याच्या आकारात आडवा पसरतो. वड्याचं भोक बरोबर वर आणि खाली येतं. म्हणून राउटरच्या डोक्यावरच्या खोलीत सिग्नल सर्वांत चांगला असेल, ही कल्पना खोटी ठरते. वर पाठवायचा असेल तर एक अँटेना आडवी करावी, आणि त्याहून बरं म्हणजे राउटर जिन्यापाशी आणावा. स्लॅबमधलं ते एवढंच भगदाड असतं.

२.४ ची पट्टी भिंती जरा बऱ्या भेदते, मग तीच वापरावी का? स्वतंत्र बंगल्यात जरूर. टॉवरमध्ये नाही, कारण ती तुमची जशी त्यांच्या घरात जाते तशी त्यांची तुमच्या घरात येते. या पट्टीवर एकमेकांत न मिसळणारे चॅनल फक्त तीनच, १, ६ आणि ११. वर, खाली, शेजारी मिळून वीसेक राउटर त्या तीन चॅनलांवर दाटीवाटीने बसतात. आकडा उणे ५५ दिसतो आणि तरी नेट अडखळतं, असं असेल तर अडचण भिंतीची नसून शेजाऱ्यांची. शिवाय स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह लागला की त्यातून झिरपणाऱ्या लहरीही याच पट्टीत लुडबुडतात.

मायवानच्या टॉवरमध्ये एका राउटरने तीन खोल्या भागवायचा हट्ट सोडलेला बरा. कितीही महागडा राउटर आणला तरी दुसऱ्या काँक्रीटच्या भिंतीपुढे तो हात टेकतो. तिथे जाड भिंतींचा फायदाही आहे. शेजाऱ्यांचा ५ गिगाहर्ट्झचा गोंगाट त्या बाहेरच थोपवतात, त्यामुळे खोलीपुरता छोटा ॲक्सेस पॉइंट फार सुंदर चालतो. प्रश्न वायर नेण्याचा. काँक्रीटची भिंत नंतर खोदता येत नाही, सोसायटी खोदूही देत नाही आणि सळ्यांना धक्का लागतो म्हणून खोदूही नये. पण साचे भरतानाच बिल्डरने टीव्ही आणि टेलिफोनसाठी भिंतीत पाइप टाकून ठेवलेले असतात. बेडरूममध्ये टीव्हीच्या केबलचा पॉइंट असेल आणि तो कुणी वापरत नसेल, तर इलेक्ट्रिशियनला तो उघडायला सांगावं. जुन्या केबलच्या टोकाला कॅट-६ बांधून दुसऱ्या टोकाकडून ओढली की बरेचदा ती सरळ निघून येते. पाइपमध्ये विजेच्या वायरी असतील तर मात्र त्यात लॅनची वायर घालायची नाही. ताबा मिळताना किंवा इंटिरियरचं काम सुरू व्हायच्या आधी हे पॉइंट एकदा उघडून बघितले, तर वॉर्डरोबचा आरसा कुठे येणार आणि राउटर कुठे, हे दोन्ही एकाच नकाशावर ठरवता येतं.